सत्तावन्न मात्रा जुळल्या, पण आर्या झाली का?

छंदशास्त्राच्या वर्गात एक स्वाध्याय हमखास दिला जातो: 'मात्रा अचूक ठेवून एक आर्या रचा.' त्याखाली बहुतेक वेळा चार आकडे असतात. पहिला चरण १२ मात्रा, दुसरा १८, तिसरा १२, चौथा १५. एकूण ५७. विद्यार्थी बोटांवर मोजत शब्द बसवतो, बेरीज जुळली की वही पुढे करतो.

तुम्ही जुन्या साहित्यावर, हस्तलिखितांवर किंवा मध्ययुगीन शास्त्रग्रंथांवर संशोधन करणार असाल, तर हा स्वाध्याय जरा गंभीरपणे घ्या. आर्येत लिहिलेलं साहित्य प्रचंड आहे. गाथासप्तशतीतल्या महाराष्ट्री प्राकृत गाथा, ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका, आर्यभटाच्या ग्रंथाचा मोठा भाग आणि आपल्याकडे मोरोपंतांचं आर्याभारत, हे सगळं याच कुळातलं. यातल्या एखाद्या ओळीचा पाठ बिघडलाय का, शब्द इकडचा तिकडे झालाय का, हे ओळखायला वृत्त उपयोगी पडतं. पण त्यासाठी नुसती बेरीज पुरत नाही. का पुरत नाही, ते एका उदाहरणावर पाहू.

स्वाध्यायासाठी रचलेली ही एक आर्या घ्या:

वाळूवरती लाटा लिहिती, पुसती पुन्हा पुन्हा रेषा,
हा शिंपला उरे, पण याचा मोती कुणी नेला?

आधी साधी मोजणी करू. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घ अक्षराची दोन. 'वाळूवरती लाटा' यात २+२+१+१+२+२+२, म्हणजे १२. 'लिहिती पुसती पुन्हा पुन्हा रेषा' यात ४+४+३+३+४, म्हणजे १८. 'हा शिंपला उरे पण' १२ आणि 'याचा मोती कुणी नेला' १५. हिशोब जुळला.

आता याच आर्येच्या दुसऱ्या चरणात फक्त शब्दांचा क्रम बदलू:

वाळूवरती लाटा लिहिती, पुसती रेषा पुन्हा पुन्हा

शब्द तेच, मात्रा त्याच अठरा. उलट गद्याच्या दृष्टीने हा क्रम जास्त सरळ वाटतो. पण ही आर्या नाही. दोन्ही ओळी मोठ्याने म्हणून पाहा, चार-चार मात्रांवर हलकी टाळी देत. पहिली ओळ 'पुन्हा पुन्हा'पाशी हेलकावा घेते आणि 'रेषा'वर नीट टेकते. दुसरी शेवटी ठेचकाळते. बेरीज सारखी असताना चालीत फरक पडला, तो गणांमुळे.

इथे गण हा शब्द नीट समजून घ्या, कारण घोटाळा बहुधा इथेच होतो. शाळेत आपण 'यमाताराजभानसलगं' शिकतो, ते तीन-तीन अक्षरांचे गण. आर्येतला गण चार मात्रांचा असतो, मग त्यात अक्षरं दोन असोत, तीन असोत की चार. चार मात्रा पाचच प्रकारे भरता येतात: दोन गुरू, एक गुरू आणि मग दोन लघू, दोन लघू आणि मग एक गुरू, लघू-गुरू-लघू, किंवा चार लघू. यातला लघू-गुरू-लघू हा प्रकार म्हणजे शाळेतला 'ज' गण. आर्येचा सगळा खेळ या जगणाभोवती आहे.

नियम असे आहेत. आर्येच्या पहिल्या अर्धात चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू, म्हणजे तीस मात्रा. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या जागी जगण चालत नाही. सहाव्या जागी मात्र जगणच हवा, नाहीतर चार लघू. दुसऱ्या अर्धाची मांडणी तशीच, फक्त सहाव्या गणाच्या जागी एकच लघू येतो. म्हणून तिथे तीन मात्रा कमी होऊन सत्तावीस उरतात. पंधराचा आकडा येतो तो इथून.

आता मूळ आर्येचे गण पाडू:

वाळू | वरती | लाटा || लिहिती | पुसती | पुन्हा पु | न्हा रे | षा
हा शिं | पला उ | रे पण || याचा | मोती | कु | णी ने | ला

पहिल्या ओळीत सहावा गण 'पुन्हा पु', म्हणजे लघू-गुरू-लघू. जिथे जगण हवा तिथेच तो पडलाय. दुसऱ्या ओळीत दुसरा गण 'पला उ' हाही जगणच आहे, पण दुसरी जागा सम असल्यामुळे तिथे त्याला मुभा आहे. सहाव्या जागी एकटा 'कु' आहे.

क्रम बदललेल्या ओळीचं काय होतं पाहा:

लिहिती | पुसती | रेषा | पुन्हा पु | न्हा

सहाव्या जागी 'रेषा', म्हणजे दोन गुरू, आले. आणि सातव्या जागी, जिथे जगणाला बंदी आहे, तिथे नेमका जगण बसला. एका अदलाबदलीत दोन नियम मोडले आणि बेरजेला त्याचा पत्ताही लागला नाही.

चुकीची आणखी एक जात आहे. तिसऱ्या चरणात 'हा शिंपला उरे, पण' ऐवजी 'शिंपला हा उरे, पण' करून बघा. मात्रा बाराच राहतात. पण गण पाडायला गेलात की 'शिंप' या तीन मात्रांनंतर 'ला' हा गुरू येतो. त्याची एक मात्रा पहिल्या गणात आणि एक दुसऱ्यात, असा तो मधोमध अडकतो. आर्येत गुरू अक्षर दोन गणांच्या सीमेवर असं चिरता येत नाही. म्हणून गण पाडताना कुठे 'पाच' होऊ लागले, की थांबा. चूक तिथेच किंवा तिच्या जरा आधी असते.

बेरीज किती ढिली चाळणी आहे, याचा अंदाज आकड्यांतही घेता येतो. पहिल्या अर्धासाठी 'बारा, मग अठरा, आणि शेवटी गुरू' एवढीच अट ठेवली, तर लघू-गुरूंच्या ३,७२,१०१ वेगवेगळ्या मांडण्या शक्य आहेत. गणांचे नियम लावले, तर चार विषम जागांना प्रत्येकी चार पर्याय, दुसऱ्या आणि चौथ्या जागेला पाच-पाच, सहाव्या जागेला दोन. गुणाकार केला की १२,८०० येतात. म्हणजे बेरजेच्या परीक्षेत पास होणाऱ्या साधारण एकोणतीस मांडण्यांपैकी एकच खरी आर्या असते. भाषेत सगळ्या मांडण्या सारख्या प्रमाणात येत नाहीत, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा एखाद्या ग्रंथाला लावू नका. पण फरक किती मोठा आहे, ते कळायला तो पुरेसा आहे.

याच्या उलटही होतं. बेरीज खऱ्या आर्येला नापास करू शकते. ही ओळ पाहा:

वाळूवरती लाटांनी पुसली ती पुन्हा जुनी रेषा

बारा मात्रा 'लाटां'पाशी संपतात आणि 'नी' पुढे उरतो. चरण शब्दाच्या शेवटी तोडायचा म्हटलं तर चौदा आणि सोळा असे तुकडे पडतात. चार आकड्यांची पट्टी लावणारा इथे लाल रेघ मारेल. पण गण पाडा: वाळू | वरती | लाटां | नी पुस | ली ती | पुन्हा जु | नी रे | षा. सगळं जागच्या जागी आहे. तिसऱ्या गणानंतर शब्द संपतो त्या आर्येला शास्त्रात 'पथ्या' म्हणतात, आणि जिथे तो तिथे संपत नाही तिला 'विपुला'. विपुला हा दोष नाही, आर्येचा मान्य प्रकार आहे. जुन्या ग्रंथात अशी ओळ दिसली आणि कुणी ती 'दुरुस्त' करून बारा-अठरावर आणली, तर त्याने धडधाकट पाठ बिघडवला असं समजा.

मग हे चार आकडे आले कुठून? पिंगलाच्या छंदःसूत्रात आर्येचं लक्षण गणांतच दिलेलं आहे: अर्धात साडेसात गण, विषम जागी जगण नाही, सहाव्या जागी तो किंवा चार लघू. चरणांच्या बेरजेपासून तिथे सुरुवात होत नाही, कारण मुळात आर्या चार चरणांची नसून दोन अर्धांची रचना आहे. कालिदासाच्या नावावर चालणाऱ्या 'श्रुतबोध' या छोट्या पुस्तकात १२-१८-१२-१५ असं सुटसुटीत लक्षण येतं. हे पुस्तक नवशिक्यासाठीच आहे, प्रत्येक वृत्ताचं लक्षण त्याच वृत्तात सांगणारं, ऐकता ऐकता पाठ व्हावं असं. पाठांतराला चार आकडे सोपे. त्यामुळे शिकवण्यात तेच रुळले आणि गणांचा नियम मागे पडला. चार आकडे चुकीचे नाहीत. पथ्या आर्येचं ते खरं वर्णन आहे. पण वर्णन आणि नियम यांत फरक असतो. 'चार चाकं आणि एक हँडल' हे हातगाडीचं खरं वर्णन झालं, पण तेवढ्यावरून गाडी बनवता येत नाही.

आता मराठीकडे येऊ, कारण इथे आणखी एक वळण आहे. मोरोपंतांची (१७२९–१७९४) 'आर्या' ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना वरच्या आर्येची दुसरी ओळ शेवटी अपुरी वाटेल. ते साहजिक आहे. पंतांच्या आर्या शास्त्राच्या भाषेत बहुतांशी 'गीती' आहेत. गीतीत दोन्ही अर्ध तीस मात्रांचे असतात, म्हणजे दुसऱ्या अर्धातही सहावा गण पुरा असतो. आपल्या आर्येची गीती करायला एकच शब्द लागतो:

हा शिंपला उरे, पण याचा मोती कुणी कुठे नेला?

'कुठे'च्या तीन मात्रा वाढल्या, सहाव्या जागी 'कुणी कु' असा जगण तयार झाला आणि चौथा चरण पंधराचा अठरा झाला. मराठीत याच रचनेला सर्रास आर्या म्हणतात. म्हणून मराठी साहित्यावर काम करताना 'आर्या' हा शब्द कुणी कोणत्या अर्थाने वापरलाय, ते आधी ठरवा. मोरोपंतांच्या ओळीला ५७ची पट्टी लावून 'तीन मात्रा जास्त' असं टिपण काढणं, किंवा संस्कृत कारिकेला ६०ची लावून 'तीन मात्रा गळाल्या' म्हणणं, दोन्ही सारखंच चुकीचं ठरेल.

मोजणीतच फसायच्या जागाही मराठीत वेगळ्या आहेत. 'पुन्हा' या शब्दात 'पु' नंतर जोडाक्षर दिसतं. संस्कृतचा नियम आंधळेपणाने लावला तर 'पु' गुरू होईल आणि दुसऱ्या चरणात अठराच्या जागी वीस मात्रा येतील. पण मराठी उच्चारात 'न्ह'चा आघात मागच्या अक्षरावर पडत नाही, म्हणून 'पु' लघूच राहतो. 'तुझ्या'सारख्या शब्दांतही तेच. उलट 'पण' आपण बोलताना 'पण्' म्हणतो, तरी पद्यात 'ण' पूर्ण अक्षर म्हणून एक मात्रा घेतोच. प्राकृत गाथा वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: तिथे ए आणि ओ हे ह्रस्वही असू शकतात.

छापील प्रतीचाही प्रश्न असतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी मराठी शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहायचे ठरले. जुना कवी वृत्ताच्या गरजेप्रमाणे ते ह्रस्व किंवा दीर्घ ठेवत असे. एखाद्या संपादकाने जुन्या पद्यात आजचं शुद्धलेखन आणलं असेल, तर तुम्ही कवीच्या नव्हे, संपादकाच्या मात्रा मोजत असता. म्हणून गणात एक मात्रा जास्त निघाली, तर आधी ओळीतले अंत्य इकार-उकार तपासा. पाठ बिघडलाय हा निष्कर्ष त्यानंतरचा.

हे सगळं करून संशोधनात हाती काय लागतं? एक प्रसिद्ध प्रकरण पाहा. सांख्यकारिकांना 'सांख्यसप्तति' असंही नाव आहे, म्हणजे सत्तर आर्यांचा ग्रंथ. पण गौडपादांचं भाष्य ६९ कारिकांवरच मिळतं. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) याकडे लक्ष वेधलं. ६१व्या कारिकेवरचं भाष्य वाचताना त्यांना असं दिसलं की हे एका नव्हे, दोन कारिकांवरचं भाष्य असावं. मूळ दुसरी कारिका गळाली आणि तिचं भाष्य मात्र उरलं. ईश्वर, काळ, स्वभाव यांना जगाचं कारण मानणाऱ्या मतांविषयीची ती कारिका. मग टिळकांनी भाष्यातल्याच शब्दांवरून ती हरवलेली आर्या पुन्हा बांधून दाखवली.

म्हणजे त्यांनी केलं ते एका अर्थी वर्गातल्या स्वाध्यायासारखंच होतं: शब्द दिलेले आहेत, त्यांची आर्या करा. फरक इतकाच की इथे उत्तरावर एका दर्शनाच्या मूळ ग्रंथाची रचना ठरणार होती. गीतारहस्यात ती आर्या छापलेली आहे. ती काढा आणि बेरजेवर न थांबता गण पाडा. दुसऱ्या अर्धाचा पहिला गण कोणता पडतो, ते खास पाहा, आणि तो त्या जागी चालतो का, ते वरच्या नियमांवर ताडून बघा.

तुमचं उत्तर काहीही आलं, तरी त्यावरून किती बोलता येतं याला मर्यादा आहे, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी नाही. गण चोख बसले, तर एवढंच कळतं की रचणाऱ्याला आर्या येत होती. ओळ जुनी आहे, मूळ लेखकाची आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. चांगला जाणकार आजही निर्दोष आर्या रचू शकतो. गण मोडले, तर मात्र बरंच काही कळतं. जो लेखक बाकी सगळीकडे नियम पाळतो, त्याच्या नावावरची एखादी ओळ नियम मोडत असेल, तर एकतर नक्कल करताना शब्द हलला, किंवा ती ओळ नंतर कुणीतरी जोडली. आणि पुनर्रचनेत गण मोडला, तर भाष्यातल्या शब्दांचा तो क्रम मूळ कारिकेचा नव्हता, एवढं नक्की म्हणता येतं. कारिका होती की नव्हती, हा प्रश्न मात्र तरीही उरतो. तो भाष्याच्या मजकुरावरून आणि इतर टीकांशी तुलना करूनच सोडवावा लागतो.

तेव्हा पुढच्या वेळी आर्येचा स्वाध्याय आला, की वहीत आधी सात उभ्या रेघा मारून आठ घरं पाडा. सहाव्या घरावर खूण करा, विषम घरांपुढे 'जगण नको' असं लिहा, आणि मगच शब्द भरायला घ्या. घरं नीट भरली, तर बेरीज आपोआप तीस येते, ती वेगळी करावी लागत नाही. जुना पाठ तपासतानाही हाच कागद वापरा. कोणत्या घरात गाडी अडली, ते टिपणात लिहून ठेवा, कारण 'मात्रा चुकल्या' या शेऱ्यापेक्षा 'सातव्या गणात जगण' हा शेरा पुढच्या संशोधकाला नेमका चुकीच्या शब्दापाशी नेऊन सोडतो.